वही, नोट्स ॲप की शीट? लक्षात ठेवायचं काम कोणाकडे द्यायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न माझ्याकडे सतत येत असतात, घरून डबे देणाऱ्या ताया, सोसायटीचे खजिनदार, द्राक्षबागायतदार, स्पर्धा परीक्षेवाले, आईवडिलांची औषधं सांभाळणारी मुलं, सगळ्यांचे. शीट म्हणजे एक्सेल किंवा गुगल शीट, काहीही धरा. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून मध्ये मध्ये दुसऱ्या प्रश्नाकडे पाठवलंय.

१. सरळ सांगा, तिघांतलं चांगलं कुठलं?

लिहिताना काय सोपं जातं ते बघू नका, नंतर त्या नोंदीला तुम्ही काय विचारणार आहात ते बघा. "आत्ता काय करायचंय?" असा प्रश्न असेल तर कागद, कारण तो उघडा पडलेला असतो, येताजाता दिसतो, अनलॉक करावा लागत नाही. "ते कुठेतरी लिहिलं होतं, कुठे गेलं?" असा प्रश्न असेल तर नोट्स ॲप, कारण तिथे शब्द टाकून शोधता येतं. आणि "किती झालं, कोणाचं किती, कधीपासून वाढलं?" असं विचारणार असाल तर शीट, कारण बाकी दोघांना बेरीज येत नाही. घरातल्या दुधाचे खाडे कालनिर्णयच्या चौकटीत मांडले तरी छान चालतं, कारण महिन्याला एकच गवळी आणि एकच गुणाकार. तोच गवळी चाळीस घरी दूध घालत असेल तर त्याचं काम भिंतीवरच्या चौकटीत भागणार नाही. नोंद तीच आहे पण विचारायचा प्रश्न बदलला.

२. मग सगळं एकाच ठिकाणी ठेवायचं नाही का? तीन तीन जागा कोण सांभाळणार?

तीन जागा चालतात, पण एकच माहिती दोन ठिकाणी "चालू" ठेवणं चालत नाही. आज वहीत लिहिलं, उद्या ॲपमध्ये, परवा शीटमध्ये, असं झालं की पंधरा दिवसांनी तिन्ही वेगवेगळं सांगतात आणि मग कोणावर विश्वास ठेवायचा तेच कळत नाही. जुने दुकानदार हे नीट करायचे, रोजचा व्यवहार जसा घडेल तसा कीर्दीत आणि मग तिथून माणसागणिक खतावणीत. कीर्द घटनेच्या क्रमाने, खतावणी नावाच्या क्रमाने, आणि खतावणीत शंका आली की कीर्द बघायची, उलट नाही. तुम्हीही तसंच ठरवा: वही ही कीर्द, शीट ही खतावणी, आणि दोन्हीत फरक निघाला तर वही खरी. एवढं ठरलेलं असेल तर दोन जागा ठेवायला हरकत नाही.

३. मी घरून डबे देते, १४ गिऱ्हाइकं आहेत. वहीत रोज टिक करते पण महिनाअखेरीला दोन तास जातात. काय करू?

सगळ्यात पहिलं म्हणजे रोजची टिक बंद करा. ३० दिवसांचा महिना, ४ रविवार बंद, म्हणजे २६ दिवस गुणिले १४ गिऱ्हाइकं, म्हणजे ३६४ टिका, आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या काहीच नवीन सांगत नाहीत, डबा नेहमीप्रमाणे गेला एवढंच. लिहायचे फक्त खाडे. ओट्याजवळ एक लहान वही दोरीला पेन बांधून टांगा, फोन आला की एक ओळ: तारीख, नाव, किती डबे नको. पिठाचे हात असले तरी जमतं, म्हणूनच इथे फोनचा आग्रह मी धरत नाही.

आठवड्यातून एकदा या ओळी शीटमध्ये चढवायच्या. एका टॅबचं नाव "खाडे", त्यात तीनच कॉलम, तारीख, नाव, डबे. एक खाडा म्हणजे एक ओळ, रंग नाही, सेल मर्ज करणं नाही, मध्ये रिकामी ओळ नाही. दुसऱ्या टॅबमध्ये दर गिऱ्हाइकाची एक ओळ: A मध्ये नाव, B मध्ये रोजचे डबे, C मध्ये दर. G1 मध्ये महिन्याची पहिली तारीख आणि H1 मध्ये शेवटची. मग D2 मध्ये हे टाका, त्याने त्या महिन्यातले खाडे मोजले जातात:

```
=SUMIFS('खाडे'!C:C,'खाडे'!B:B,A2,'खाडे'!A:A,">="&$G$1,'खाडे'!A:A,"<="&$H$1)
```

आणि E2 मध्ये बिल:

```
=(26*B2-D2)*C2
```

समजा एका काकूंचे रोज २ डबे, दर ९० रुपये. त्यांनी ९ तारखेला २, १७ ला १ आणि १८ ला २ डबे नको सांगितले. ५२ मधून ५ गेले, ४७ राहिले, बिल ४२३० रुपये. पुढच्या महिन्यात फक्त G1 आणि H1 मधल्या तारखा बदलायच्या आणि २६ च्या जागी त्या महिन्याचे डब्याचे दिवस, खाड्यांचा टॅब तसाच खाली वाढत राहतो. महिन्याला नवीन टॅब काढू नका, कारण दिवाळीत "मागच्या वर्षी या दिवसांत किती खाडे पडले होते, भाजी किती आणू" हे विचारायचं असेल तर सगळं एकाखाली एक असलेलंच उपयोगी पडतं.

४. शीट चुकीची बेरीज देते. फॉर्म्युला तर बरोबर आहे. का?

जवळजवळ दर वेळी चूक फॉर्म्युल्यात नसते, शीटने तुमची नोंद वेगळीच समजून घेतलेली असते आणि ती तसं सांगतही नाही. वरच्याच उदाहरणात १७ तारीख घाईत 17.6 अशी टाकली, तर शीट ती तारीख न धरता साधा दशांश आकडा धरते, तो महिन्याच्या हद्दीत बसत नाही, खाडा गळतो आणि काकूंचं बिल ४२३० ऐवजी ४३२० होतं. ९० रुपयांचा प्रश्न नाही हो, पण गिऱ्हाइकाने एकदा चूक दाखवली की पुढे दर महिन्याला ते बिल तपासतात.

दुसरं असं की मजकूर समजला गेलेला आकडा SUM मध्ये धरलाच जात नाही, एरर येत नाही, गुपचूप सोडला जातो. आकड्यापुढे "रु." लिहिलं, किंवा "2 डबे" असं लिहिलं की झालं. देवनागरी अंकांचंही बऱ्याचदा तसंच होतं, म्हणून शीटमध्ये आकडे इंग्रजी अंकातच टाका. ओळखायचं कसं, तर कॉलमला कुठलंही अलाइनमेंट देऊ नका, खरा आकडा आपोआप सेलच्या उजवीकडे जातो आणि मजकूर डावीकडे राहतो, डावीकडे चिकटलेला आकडा दिसला की तो बेरजेत नाही असं समजा.

तिसरं, नाव. "कुलकर्णी" आणि "कुलकर्णी काकू" ही शीटसाठी दोन माणसं आहेत, मागे एक जास्तीची स्पेस पडली तरी दोन. त्यावर उपाय ड्रॉपडाउन, नाव टाइप न करता यादीतून निवडायचं.

आणि या तिन्हींवर एक पक्की तपासणी म्हणजे महिनाअखेरीला D कॉलमची बेरीज करा आणि वहीतले खाडे हाताने मोजा. जुळलं नाही तर बिल पाठवू नका.

५. वडिलांची शुगर, बीपी आणि औषधं. ॲप घेऊ का?

ही तीन वेगळी कामं आहेत, एकात कोंबू नका. रीडिंग लिहिणं हे कागदाचं काम, ग्लुकोमीटरच्या डबीतच एक छोटी वही ठेवा म्हणजे मशीन काढलं की वही हातात येतेच. महिन्याभराचे आकडे डॉक्टरांना दाखवायचे ते शीटचं काम, तिथे उपाशीपोटीची शुगर एका कॉलममध्ये, जेवणानंतरची दुसऱ्यात, आणि बीपीचे वरचा खालचा असे दोन वेगळे कॉलम. "130/85" असं एकाच सेलमध्ये टाकलं तर तो मजकूर होतो, त्याची सरासरी निघत नाही आणि आलेखही निघत नाही. डॉक्टर एचबीएवनसी करायला सांगतात त्यात साधारण गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते, पण सकाळची वाढते की जेवणानंतरची ते त्यातून कळत नाही, ते तुमच्या या दोन कॉलममधून कळतं.

औषधांची यादी मात्र नोट्स ॲपमध्ये, कारण ती अचानक लागते, कॅज्युअल्टीत उभं असताना. नाव, किती एमजी, कधी, कशासाठी, आणि कशाची ॲलर्जी आहे ते सगळ्यात वर. एक जपून करा, डोस शीटमध्ये लिहायचा असेल तर "1-1-1" टाइप केल्यावर एक्सेल त्याची १ जानेवारी २००१ करून टाकतं. "1-0-1" तसाच राहतो कारण शून्यावा महिना नसतो, त्यामुळे काही औषधं बरोबर आणि काही तारखा झालेली अशी यादी मी बघितलीये आणि ती फार धोकादायक आहे. आधी तो कॉलम टेक्स्ट फॉरमॅटमध्ये करा, किंवा आकड्याआधी एक ' चिन्ह टाका.

६. द्राक्षबाग आहे. फवारणीची नोंद वहीत आहे पण ऐन वेळी सापडत नाही.

बागेत वहीच बरी. हात ओले, औषध लागलेलं, उन्हात स्क्रीन दिसत नाही. पण पेन्सिल वापरा, जेल पेनची शाई पाण्याने पसरते, पेन्सिलीचं लिहिलेलं पाण्यात विरघळत नाही. ओळीत काय हवं: तारीख, प्लॉट, औषध, प्रमाण, कशासाठी मारलं. निर्यातीच्या बागेला या नोंदी दाखवाव्या लागतातच, त्यामुळे मूळ वही फेकू नका.

शीट कशाला, तर दिवस मोजायला. आपण सगळं छाटणीपासूनच्या दिवसांत बोलतो, "बाग ४२ दिवसांची आहे" असं, आणि वहीत मात्र तारीख असते, मग बोटं मोजत बसतो. छाटणीची तारीख F1 मध्ये ठेवा आणि फवारणीची तारीख A कॉलममध्ये असेल तर:

```
=A2-$F$1
```

उत्तर एखाद्या विचित्र तारखेसारखं दिसलं तर घाबरू नका, त्या सेलचं फॉरमॅट नंबर करा. दोन प्लॉटच्या छाटण्या वेगळ्या दिवशी असतील तर प्लॉटगणिक वेगळी तारीख लागेल, हे लोक विसरतात आणि दुसऱ्या प्लॉटचे सगळे दिवस चुकतात. आणखी एक कॉलम, लेबलवर दिलेला काढणीपूर्व कालावधी. फवारणीची तारीख अधिक तेवढे दिवस म्हणजे त्याआधी काढणी नाही. शेवटच्या महिन्यात व्यापारी दारात उभा असतो तेव्हा हा हिशोब तोंडी करायची वेळ येऊ नये. तारखा टाकताना प्रश्न ४ मधली काळजी इथे दुप्पट लागू.

७. ॲपमध्ये लिहिलंय हे नक्की आठवतं, पण शोधलं की सापडत नाही.

कारण लिहिलं एका शब्दाने आणि शोधता दुसऱ्या शब्दाने. "नळवाला" म्हणून सेव्ह केलं आणि सहा महिन्यांनी "प्लंबर" शोधलं. एक जण देवनागरीत लिहितो आणि घाईत इंग्रजी अक्षरांत शोधतो, ॲपला ते दोन वेगळेच शब्द वाटतात. म्हणून नोटच्या शेवटी एक ओळ शोधशब्दांची टाका, आपण बोलताना काय काय म्हणतो ते सगळं, दोन्ही लिप्यांत. उदाहरणार्थ: नळ, प्लंबर, plumber, गळती, बाथरूम. फार वेडेपणा वाटतो पण पाच सेकंदांचं काम आहे आणि याच्याइतका फायदा महागड्या ॲपनेही होत नाही.

फोटोंचंही तसंच. वॉरंटी कार्डाचा फोटो काढून ठेवला तर वर "मिक्सर वॉरंटी, कुठून घेतला, कधी" एवढं टाइप करा. हाताने लिहिलेल्या मराठीच्या फोटोतून शब्द सापडेल यावर अवलंबून राहू नका.

८. एमपीएससीचा अभ्यास करतोय. नोट्स हाताने की मोबाईलवर?

२०१४ मध्ये एक अभ्यास खूप गाजला होता, की लॅपटॉपवर टाइप करणारे विद्यार्थी शब्दशः उतरवतात आणि समज कमी पडते. पुढे तो पुन्हा करून बघितला तेव्हा फरक तेवढा स्पष्ट आला नाही. त्यामुळे हाताने लिहिलं म्हणजे आपोआप डोक्यात बसतं असं मी म्हणणार नाही, पुस्तकातलं जसंच्या तसं सुंदर अक्षरात उतरवलं तर तेही वायाच.

माझं मत असं की विषयाच्या नोट्स वहीत, पण डाव्या पानावर प्रश्न आणि उजव्यावर उत्तर, म्हणजे उजवं पान झाकून स्वतःला विचारता येतं. चालू घडामोडी ॲपमध्ये कारण त्या फक्त शोधायच्या असतात. आणि शीट एकाच गोष्टीसाठी, सराव परीक्षेतल्या चुका. तारीख, विषय, घटक, आणि चूक होण्याचं कारण, "माहीत नव्हतं", "दोनात गोंधळ", "प्रश्न नीट वाचला नाही". महिन्याने कारणाप्रमाणे मोजलं की पुढचा महिना कशावर घालवायचा ते दिसतं. बऱ्याच जणांना वाटतं आपला भूगोल कच्चा आहे, आणि बघावं तर निम्म्या चुका "अयोग्य विधान ओळखा" मधला "अयोग्य" न वाचल्याच्या असतात.

९. मी लिहिते सगळं, पण बघायलाच विसरते. मग काय उपयोग?

मग तुमचा त्रास साठवायचा नाही, आठवण करून द्यायचा आहे, आणि तो वहीही सोडवत नाही आणि शीटही नाही. ज्याला ठरलेली वेळ आहे ते फोनच्या रिमाइंडरला द्या, तोच एक वाजतो. ज्याला वेळ नाही पण जागा आहे, उदाहरणार्थ "बाहेर पडताना पावती न्यायची", ते कागदावर, दाराच्या कडीला. बाकीच्यासाठी दिवसातल्या एखाद्या ठरलेल्या कामाला वही जोडा, सकाळचा चहा होईपर्यंत कालचं आणि आजचं पान वाचायचं. रिमाइंडर फार लावू नका, दिवसाला वीस वाजायला लागले की आपण न वाचताच बाजूला सरकवतो आणि मग महत्त्वाचाही जातो.

१०. जुन्या पाच-सहा वह्या आहेत. सगळं शीटमध्ये चढवायचं का?

नाही. मागचं चढवता चढवता लोक दमतात आणि पुढचंही लिहायचं सोडतात. जुनी वही बंद करा, तिच्या पाठीवर कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत ते लिहा, आणि शीटची सुरुवात "मागील बाकी" या एका ओळीने करा, माणसागणिक. कोणी जुनं विचारलं तर वही आहेच. अपवाद एकच, जिथे मागचं बघूनच पुढचं ठरतं, जसं बागेचं उत्पादन किंवा तब्येतीचे रिपोर्ट, तिथे सगळ्या ओळी नाही तर वर्षाला एक ओळ चढवा.

११. सोसायटीचा हिशोब तिघं बघतात. वही एकाकडेच राहते.

इथे मात्र शेअर केलेली शीट, दुसरा विचार नको. पण तिघांनाही एडिटचा हक्क देऊ नका, एकाने लिहायचं, बाकीच्यांनी बघायचं आणि चूक दिसली तर कमेंट टाकायची. गुगल शीटमध्ये व्हर्जन हिस्टरी असते, कोणी कधी काय बदललं ते दिसतं, त्यामुळे भांडणाआधी ती उघडा. पावती पुस्तक छापीलच ठेवा, क्रमांक असलेलं, आणि शीटमध्ये पावती क्रमांकाचा कॉलम. क्रमांकात एक जरी गळला असेल तर लगेच कळतं. बँक खात्याचे किंवा १६ अंकी नंबर टाकायचे असतील तर कॉलम आधी टेक्स्ट करा, एक्सेल १५ अंकांपर्यंतच खरे धरतं आणि सोळावा अंक शून्य करून टाकतं.

१२. फोन हरवला किंवा वही भिजली तर?

वहीचा धोका असा की ती एकच असते, म्हणून महिन्याला भरलेल्या पानांचे फोटो. ॲपचा धोका वेगळा, चुकून डिलीट केलेलं लगेच कळत नाही. गुगल कीपमध्ये कचऱ्यातली नोट ७ दिवसच राहते, ड्राइव्हच्या कचऱ्यातली फाइल ३० दिवस. नोट कुठल्या अकाउंटवर सेव्ह होते ते आजच बघा, फोन दुकानदाराने चालू करून दिला असेल तर त्यानेच बनवलेलं अकाउंट असतं आणि पासवर्ड कोणालाच माहीत नसतो. दोन वर्षं अजिबात न वापरलेलं वैयक्तिक गुगल अकाउंट गुगल डिलीट करू शकतं, हेही ध्यानात ठेवा. दुकानाच्या थर्मल कागदाच्या पावत्या कुठल्याही फाइलीत ठेवल्या तरी उडतातच, त्यांचा फोटो त्याच दिवशी काढा.

१३. पासवर्ड वहीत लिहिले तर चालतात का?

घरातल्या कपाटात कुलूपबंद वही ही साध्या नोट्स ॲपपेक्षा किंवा गॅलरीतल्या स्क्रीनशॉटपेक्षा बरी, कारण ऑनलाइन चोर तुमच्या कपाटापर्यंत येत नाही. त्याहून चांगला पासवर्ड मॅनेजर, पण तो ज्यांना रोज वापरता येईल त्यांनाच. शेअर केलेल्या शीटमध्ये पासवर्ड कधीच नाही. एटीएमचा पिन कार्डाच्या पाकिटात नाही, वहीतही कार्डाच्या नावासकट नाही.

१४. आजोबांना विसरायचा आजार सुरू झालाय. त्यांना कुठलं ॲप शिकवू?

कुठलंच नाही. या आजारात जुनी सवय बराच काळ टिकते आणि नवीन शिकणं सगळ्यात आधी अवघड होतं, त्यामुळे वरचे सगळे नियम इथे बाजूला ठेवा. ते आयुष्यभर खिशात डायरी ठेवत असतील तर तशीच डायरी, त्याच आकाराची, त्याच खिशात. पहिल्या पानावर घरचा पत्ता आणि दोघांचे फोन. भिंतीवर मोठ्या अक्षराचं कॅलेंडर, झालेला दिवस रोज कोणीतरी फुली मारून संपवायचा, नाहीतर आज कोणता ते कळत नाही.

औषधांसाठी नुसती यादी पुरत नाही. "घेतलं का?" हे त्यांना आठवत नाही म्हणून परत घेतलं जातं, आणि टिक करायचंही विसरतात. वार लिहिलेल्या कप्प्यांची डबी आणा, रविवारी घरातल्या एकाने भरायची. मंगळवार सकाळचा कप्पा रिकामा असेल तर गोळी त्यातून निघालीये, परत द्यायची नाही. डबी न विचारता उघडायला लागले, किंवा दोन कप्पे एकदम रिकामे दिसले, तर डबी त्यांच्या हातातून काढून औषध स्वतः द्यायला सुरुवात करा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून सांगा.